पाचपाखाडीतलं घर रिकामं करताना: इन्व्हर्टरची बॅटरी आणि फुगलेला मोबाईल

मावशीची पाचपाखाडीतली बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. चाव्या द्यायला दहा दिवस उरले असताना तिचा फोन आला. "अरे, गॅलरीतली ती काळी पेटी कुणी हात लावायला तयार नाही. सामान हलवणारे म्हणतात, बॅटरी आम्ही नेत नाही." पेटी म्हणजे इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, सहा वर्षं झालेली. शनिवारी सकाळी गेलो, तर शोकेसच्या खणातून आणखी तीन मोबाईल निघाले. दोन काकांचे जुने, मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी बाहेर काढता येते असे. तिसरा मावशीचा, चार वर्षांपूर्वीचा, आणि त्याची काच एका कडेने चौकटीतून वर आलेली.

ठाण्यातच एका बॅटरीच्या दुकानात मी बारा वर्षं काउंटरच्या आत काढली आहेत. त्या शनिवारी जे केलं ते त्याच क्रमाने इथे लिहितो. हे काम कधीच न केलेल्या माणसाला कुठे अडतं, ते त्यात दिसेल.

आधी एक फरक समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीला भंगारातही भाव आहे. त्यामुळे ती न्यायला माणसं दारात येतात, आणि आपल्याला पाहावं लागतं ते कोण नेतोय आणि तिचं पुढे काय करतोय हे. मोबाईलच्या लिथियम सेलला आपल्यासारख्याच्या हातात भाव जवळजवळ शून्य. म्हणून तो कुणी मागत नाही आणि वर्षानुवर्षं खणात पडून राहतो. एकीला गिऱ्हाईक जास्त, दुसऱ्याला गिऱ्हाईकच नाही. दोघांना एकाच पिशवीत घालून "बॅटऱ्यांचा कचरा" म्हणून कुठे द्यायला गेलात तर काम होत नाही.

आणि "मेली" या शब्दावर जाऊ नका. बॅटरी मेली म्हणजे आपलं काम भागत नाही, एवढंच. फोन दुपारीच बंद पडतो, इन्व्हर्टर वीस मिनिटांत शिट्टी मारतो. पण जुना मोबाईलचा सेल पूर्ण चार्ज केला तर नव्याच्या साठ-सत्तर टक्के ऊर्जा सहज धरतो. फोन बंद पडला तरी सेलमध्ये तीनेक व्होल्ट उरलेलेच असतात. बॅकअप न देणारी इन्व्हर्टरची बॅटरीही क्षणभरासाठी पाना तापवण्याइतका करंट देऊ शकते. दोन्ही जिवंत आहेत असं धरूनच हात लावायचा.

आधी फुगलेला फोन

बॅटरी गॅलरीत आणखी आठवडाभर राहिली असती तरी चाललं असतं. फोनचं तसं नव्हतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली.

फुगवटा ओळखायला यंत्र लागत नाही. फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवा. डोलला, किंवा भोवऱ्यासारखा फिरला, तर पाठ फुगलेली आहे. काच एका बाजूने उचलली गेली असेल, कडेच्या फटीतून आतला उजेड दिसत असेल, तर तेच. नेलपॉलिश काढायच्या पातळ द्रवासारखा गोडसर वास येत असेल तर सेलचं पाकीट कुठेतरी फाटलं आहे. असा फोन त्याच मिनिटाला मोकळ्या हवेत ठेवायचा.

फुगतो तो आत वायू साठल्यामुळे. मोबाईलचा सेल म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटात गुंडाळलेले थर, मध्ये केसाहून पातळ प्लॅस्टिकचा पडदा आणि ज्वालाग्राही द्रव. सेल म्हातारा होतो, उन्हात तापतो, रात्रभर उशीखाली चार्जिंगला राहतो, तसा तो द्रव विघटन पावून वायू होतो. वायूमुळे लगेच आग लागत नाही. आग लागते ती पडदा फाटून दोन थर एकमेकांना टेकले की. म्हणून फुगलेल्या फोनची वर आलेली काच अंगठ्याने दाबून परत बसवणं, हे सगळ्यात वाईट काम. आणि नव्वद टक्के माणसं पहिलं तेच करतात. मावशीनेही केलं होतं, वर रबर बँड लावला होता.

रबर बँड कापून काढला. ओढून काढला तर सुटताना झटका बसतो. फोन बंदच होता. "एकदा चार्ज करून फोटो काढून घेऊया ना," ती म्हणाली. नाही म्हणालो. फुगलेल्या सेलला चार्जर लावायचा नाही, पाच मिनिटंही नाही. काही वर्षं पडून राहिलेल्या सेलचा व्होल्टेज फार खाली गेलेला असतो, आत तांब्याचे कण सुटलेले असू शकतात, आणि नेमका चार्ज करताना तो पेटायची शक्यता जास्त. फोटो फारच मोलाचे असतील तर फोन दुरुस्तीवाल्याला सांगून द्यावा. तो जुना सेल काढून टाकून नव्या सेलवर फोन उठवतो. मावशीच्या फोटोंचं तसंच केलं, पण ते पुढच्या आठवड्यात.

सेल स्वतः उकरून काढू नका. हे मी अक्कल शिकवायला लिहीत नाही, माझ्या उजव्या तर्जनीवर खूण आहे. दुकानातल्या दुसऱ्याच वर्षी, स्वतःच्या फोनचा फुगलेला सेल मी चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला गेलो. पात्याचं टोक पाकिटात घुसलं. आधी नुसता फुस्स आवाज आला, कुकरची शिट्टी उचलल्यासारखा. मग पांढरा धूर, आणि मला हात मागे घ्यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ज्वाळा. काउंटरचं रेक्झीन जळून खाली लाकूड दिसायला लागलं. एवढासा सेल, बिस्किटाच्या छोट्या पुड्याएवढा.

काकांच्या दोन फोनमधल्या बॅटऱ्या बोटाने निघणाऱ्या होत्या आणि फुगलेल्या नव्हत्या, त्या काढल्या. त्यांच्या कडेला तीन-चार सोनेरी पट्ट्या असतात, त्यांवर चिकटपट्टी मारली. पट्टीचा उद्देश एकच, खणातली चावी, नाणं किंवा दुसरी बॅटरी त्या पट्ट्यांना टेकून शॉर्ट होऊ नये. प्रत्येक बॅटरीला वेगळी पट्टी, आणि वेगळ्या कागदात गुंडाळायची.

आता ठेवायचं कुठे? बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा घ्या, तळाला तीन-चार बोटं कोरडी वाळू, त्यावर फोन, वर पुन्हा वाळू. पाचपाखाडीत सध्या दर दुसऱ्या बिल्डिंगचं काम चालू आहे, वाळूला तोटा नाही. फक्त ती ओली नको. झाकण नुसतं ठेवायचं, घट्ट दाबायचं नाही. आत वायू सुटला तर त्याला वाट हवी. डबा सावलीत, फरशीवर, पडद्यापासून आणि गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तिथे ओल धरते आणि पेटलाच तर बंद कपाटात पेटतो. मिठाच्या पाण्यात बुडवून "डिस्चार्ज" करायचा एक उद्योग व्हिडिओंत दिसतो. त्यात आधी बाहेरच्या पट्ट्या गंजून झडतात, मग आतली ऊर्जा आतच राहते आणि वर सेल गळायला लागतो. मोबाईलच्या सेलला तो करू नका.

धूर आलाच तर

हे वाचून ठेवा, त्या वेळी शोधायला सवड नसते. फुगलेल्या फोनमधून फुसफुस आवाज किंवा धूर सुरू झाला तर तो हातात घेऊन बाथरूमकडे पळायचं नाही. घरातल्यांना बाहेर काढा, धूर छातीत जाऊ देऊ नका. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतो आणि तो फुप्फुसाला खरंच इजा करतो. खिडकी हाताशी असेल तर उघडा. लांबून पाणी मारता येत असेल तर बादलीभर मारा. लिथियमवर पाणी घालू नये असं शाळेत शिकलेलो असतो, पण ते शुद्ध धातूबद्दल. मोबाईलच्या सेलला पाण्याने थंड करणं हाच उपाय आहे, आणि पाणी भरपूर हवं. ज्वाळा विझल्यासारखी वाटली तरी आतली उष्णता शेजारच्या थराला पेटवते आणि सेल दहा-वीस मिनिटांनी पुन्हा पेटतो. सोसायटीच्या जिन्यातला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ज्वाळा मारतो, थंड करत नाही. पडद्याने, गादीने पेट घेतला तर १०१.

फोन द्यायचा कुठे

सुक्या कचऱ्यात नाही. घंटागाडीतला कचरा पुढे कॉम्पॅक्टरमध्ये दाबला जातो, आणि दाबणं म्हणजे पडदा फाडणं. वापरलेल्या बॅटऱ्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती धोकादायक कचऱ्यात धरल्या, ओल्यात नाही आणि सुक्यातही नाही. भंगारवालाही नको. तो फोन तांब्यासाठी फोडतो, सेल बाजूला फेकतो.

राहतात दोन वाटा. फोनच्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर ही पहिली. किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेला ई-कचरा गोळा करणारा. त्यांची यादी मंडळाच्या mpcb.gov.in या संकेतस्थळावर असते. मोठ्या सोसायट्यांत अधूनमधून ई-कचऱ्याचा दिवस ठेवतात. तिथे येणाऱ्याकडे परवान्याची प्रत मागायला लाजू नका, खरा असेल तर तो खिशातच घेऊन फिरतो.

जायच्या आधी फोन करा, आणि फोनवर "फुगलेली आहे" हा शब्द उच्चारा. हे लपवून काउंटरवर ठेवलेला फुगलेला फोन त्या पोराच्या जिवाशी खेळ असतो. मावशीसाठी मी दोन ठिकाणी फोन केला. पहिल्या ठिकाणी "फुगलेला असेल तर आणू नका" म्हणून फोन ठेवला. दुसरीकडे बाई म्हणाल्या, "चार्ज करू नका, डब्यातच आणा, आमच्याकडे वेगळी पेटी आहे." काकांच्या दोन सुट्या बॅटऱ्याही त्यांनी घेतल्या, दुसऱ्या कंपनीच्या असूनही. पैसे मिळाले नाहीत, मिळतील अशी अपेक्षाही ठेवू नका. नव्या फोनवर जुना एक्स्चेंज करायचा असेल तर तो न फुगलेला असतानाच. फुगलेला दिसला की घ्यायला आलेला माणूस दारातून परत जातो.

डबा रिक्षातून, पायांमध्ये ठेवून नेला. कुरिअरने पाठवायचा विचार सोडा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही तो विसरू नका.

आता काळी पेटी

शिशाच्या बॅटरीचं पहिलं काम पाना हातात घेणं हे नाही, वॉरंटी कार्ड शोधणं हे आहे. कार्डावर "३६+२४" असं काहीसं लिहिलेलं असतं. म्हणजे पहिले ३६ महिने बिघडली तर फुकट बदलून, पुढचे २४ महिने नव्या बॅटरीच्या किमतीवर ठरावीक सूट. बॅटरी त्या सूट मिळणाऱ्या महिन्यांत असेल तर एक हिशोब करा: ती सूट छापील किमतीवर मिळते आणि जुनी बॅटरी कंपनी ठेवून घेते. दुकानात जुनी देऊन नवी घेतलीत तर बाजारभावावर भंगाराची वजावट मिळते. दोन्ही एकदम मिळत नाही. कधीकधी दुसराच सौदा स्वस्त पडतो, पण विचारल्याशिवाय काउंटरवरचा माणूस सांगेल याची खात्री नाही, मी स्वतः प्रत्येक वेळी सांगत नव्हतो. मावशीची बॅटरी ७२ महिन्यांची, कार्ड संपलेलं. प्रश्न मिटला.

दुसरं, ती खरंच गेली आहे का? दुकानदाराला लोड टेस्टर घेऊन बोलवा किंवा स्वतः मल्टिमीटर लावा. चार्जिंग बंद करून तीन-चार तास झाल्यावर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. मावशीची १०.४ दाखवत होती. आत प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात, म्हणजे एक कप्पा पुरता बसलेला. अशीला डिस्टिल्ड वॉटर पाजून काही होत नाही. आणि द्यायचीच आहे म्हणून आत काहीही ओतू नका, काहीही काढूही नका.

मग सोडवणं. इन्व्हर्टर बंद, भिंतीतला प्लग बाहेर, गॅलरीचं दार उघडं, आणि तासभर थांबा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. तो हवेत चारेक टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीला स्फोट होतो. मावशीचं देवघर गॅलरीच्या दारालाच लागून. निरांजन विझवायला सांगितलं, तर म्हणाली, "सहा वर्षं रोज लावतेय, काही झालं नाही." झालं नाही हे खरं. तरी विझवली.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातलं लोंबणारं, सगळं काढायचं. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी आली तर सेकंदात लाल होते आणि बोटावरून निघत नाही. असलं बोट मी पाहिलं आहे, वर्णन करत नाही. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, तोंड तेवढं उघडं ठेवा. डोळ्याला चष्मा, हाताला रबरी मोजे, स्वयंपाकघरातले चालतील.

टर्मिनलवर साबुदाण्यासारखी पांढरट-हिरवी बुरशी असते, ती फुंकू नका आणि झाडूने झाडू नका. पांढरं ते शिशाचं मीठ, हिरवं तारेच्या तांब्याचं. तांब्याभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवलेल्या फडक्याने पुसा. झाकणांच्या भोकांतून सोडा आत जाऊ देऊ नका.

आधी काळी तार, मग लाल. इन्व्हर्टरला क्रमाने फार बिघडत नाही, पण गाडीच्या बॅटरीला बिघडतं, म्हणून सवय एकच ठेवा. गाडीचं सगळं अंग काळ्या टोकाला जोडलेलं असतं. लाल आधी सोडायला गेलात आणि पाना बॉनेटच्या पत्र्याला टेकला, तर तोच शॉर्ट. काळी आधी सुटली की पाना कुठेही टेको. सुटलेल्या तारांच्या टोकांना टेप, बॅटरीच्या दोन्ही टोकांनाही टेप.

सगळी झाकणं आणि पाण्याची पातळी दाखवणारे दांडे जागेवर घट्ट आहेत ना, पाहा. १५० एएचची बॅटरी ॲसिडसकट ५५ किलोच्या आसपास भरते, त्यात वीसेक किलो निव्वळ ॲसिड. एकट्याने उचलायची नाही, आणि तिरकी करायची नाही. खाली जुना प्लॅस्टिकचा टब ठेवून दोघांनी उचलून त्यात उतरवा, मग टब ट्रॉलीवर. रिक्षात आडवी घालून नेणारे रोज दिसतात. त्या रिक्षेची गादी महिन्यात फाटते आणि पुढच्या सवारीची पॅंटही. दुकानदाराकडून नवी घरी बसवून घेणार असाल तर जुनी न्यायची जबाबदारी त्याच्यावर टाका, सौद्यातच बोलून घ्या.

कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली छोटी, १२ व्होल्ट ७ एएचची बंद बॅटरी सोपी आहे. दोनेक किलोची, ॲसिड सांडत नाही, टोकांना टेप लावा आणि पिशवीतून न्या. तिलाही थोडेफार पैसे मिळतात.

भाव: त्या शनिवारचे आकडे

ढोकाळीच्या भाड्याच्या घरात मावशीला इन्व्हर्टर हवाच होता, म्हणून जुनी देऊन नवी. नौपाड्यातल्या तीन दुकानांत फोन केले, तेच मॉडेल, तीच वॉरंटी सांगून.

पहिला म्हणाला, नवी १५,२०० रुपये, जुनीचे ३,७०० कमी. दुसरा म्हणाला, १५,६००, जुनीचे ४,३०० कमी. तिसऱ्याने फक्त "एक्स्चेंजमध्ये १२,०००" सांगितलं, फोडून सांगेना. मावशीला दुसरा आवडला, कारण तो जुनीला जास्त देत होता. खरं तर त्याचा मोठा आकडा पाहून भुलू नका, नवीची किंमत त्याने आधीच चढवलेली आहे. हिशोब हातातून जाणाऱ्या रकमेचा करा: पहिला ११,५००, दुसरा ११,३००. फरक दोनशेचा, सहाशेचा नाही. आणि नेहमी दोन किमती विचारा, जुनी देऊन आणि न देता. त्या दोन्हींतला फरक हाच तुमच्या जुनीचा खरा भाव.

दारातल्या भंगारवाल्याने किलोला ७८ सांगितले. मावशीने लगेच ५५ ला गुणलं, ४,२९०, तेही रोख. पण मी विचारलं, "ॲसिडसकट की पाणी वजा?" तो हसला. पाणी वजा म्हणजे ॲसिड ओतून उरलेलं वजन, ३२ किलो. ७८ गुणिले ३२, झाले २,४९६. आणि ते ॲसिड तो ओतणार होता ते आमच्याच बिल्डिंगच्या गटारात, त्यात विरघळलेल्या शिशासकट. पुढे अशा पेट्या कुठल्यातरी शेडमागे कुऱ्हाडीने फोडून, उघड्या भट्टीत वितळवल्या जातात, आणि तो धूर आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात जातो. कधी भंगारवाला ॲसिडसकट वजन करून दुकानापेक्षा जास्तही देतो. तो जास्तीचा पैसा नेमका त्या न घेतलेल्या काळजीतून येतो, एवढं माहीत असू द्या.

दुकानदार तरी नीट पाठवतो का? २००१ च्या नियमांनी विक्रेत्याने जुनी परत घेऊन योग्य सूट द्यावी असं ठरवलं होतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी मुख्य जबाबदारी उत्पादकावर टाकली: विकल्या त्या प्रमाणात परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायच्या. त्यामुळे कंपनीच्या अधिकृत डीलरकडे जुन्या बॅटऱ्या साठून गाडीने परत जातात. तुम्ही काउंटरवरून पाहू शकता: जुन्या उभ्या, ॲसिडसकट, टबात किंवा लाकडी पाटावर रचलेल्या असतील तर ठीक. दुकानाच्या मागे उलट्या ठेवून निथळायला लावलेल्या दिसल्या तर दुसरं दुकान बघा. नवी घ्यायची नसेल तरीही डीलर जुनी विकत घेतो, फक्त वजावटीपेक्षा थोडे कमी देतो.

बिल घ्या. त्यावर नव्या बॅटरीचा अनुक्रमांक, तारीख, आणि "जुनी १५० एएच परत घेतली" अशी ओळ लिहून घ्या. वॉरंटी कार्डावर शिक्का तिथल्या तिथे. घरी आल्यावर बिल उजेडात ठेवू नका; थर्मल कागदावरची अक्षरं दोन वर्षांत उडतात आणि वॉरंटी पाच वर्षांची असते. फोटो काढून ठेवा.

सांडलेलं ॲसिड

बॅटरी टबात उतरवताना एका झाकणातून थोडं ॲसिड गॅलरीच्या फरशीवर आलंच. अंगावर उडालं तर आधी वाहतं पाणी, भरपूर. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पापण्या उघड्या धरून नळाखाली, आणि मग थेट डॉक्टर. डोळ्यात सोडा कधीही घालायचा नाही, तो फरशीसाठी. कपड्यावरचा शिंतोडा त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या धुण्यात सुती कापडाला भोकं पडलेली निघतात, तेव्हा आठवतं.

फरशीवर सोड्याची पूड भुरभुरवली. भज्यांच्या तेलासारखी चरचरली, फेस आला. फेस बसला की आणखी एक चमचा. तिसऱ्या चमच्याला काहीच झालं नाही, म्हणजे ॲसिड संपलं. ओल्या फडक्याने पुसून काढलं, फडकं आणि मोजे दोन पिशव्यांत बांधून घरगुती धोकादायक कचऱ्यासाठी वेगळे ठेवले, हात साबणाने धुतले, आणि मगच मावशीने पोह्यांची ताटली पुढे केली. फरशीवर पांढरट डाग राहिला. "राहू दे," ती म्हणाली, "बिल्डिंगच पाडणार आहेत."